कोडवर विकलेला गूळ आणि रीलमुळे विकलेला गूळ



या पानावर एरवी ऊस, पाणी, खोडवा, खत यांच्याच नोंदी असतात. आज विक्रीची नोंद टाकतोय, कारण घरात वाद चाललाय आणि तो वहीतले आकडे मांडल्याशिवाय मिटणार नाही. वाद असा: गेल्या संक्रांतीला आपण पुण्यातल्या एका रील करणाऱ्या ताईंना पैसे देऊन गुळाचं रील करून घेतलं होतं. यंदा त्या दुप्पट मागतायत. मुलगा म्हणतो, देऊन टाकू, गेल्या वेळी विक्री अडीच पट झाली. बायको म्हणते, संक्रांतीला गूळ तसाही खपतो, त्यात रीलचं काय कौतुक? दोघांचंही अर्धं खरं आहे. कोणाचं किती खरं, ते मोजता येतं. कसं मोजलं ते सांगतो.

आधी आमचं गणित सांगतो. आमचं गुऱ्हाळ दौंड तालुक्यात. रसायन न घालता केलेला गूळ एक किलोच्या पाकिटात भरून आम्ही पुण्यात दोन ठिकाणी देतो. एक पॉइंट शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या मागच्या बाजूला एका नातेवाइकांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. दुसरा निगडीला. दोन्हीकडे शनिवारी दुपारी ४ ते रात्री ८. (पेठेत १ ते ४ कोणी घराबाहेर पडत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं.) भाव १२० रुपये किलो.

आता एका किलोत आपल्याला उरतं किती? इथं बरेच जण उसाचा खर्च, मजुरी असं धरत बसतात. मी सोपं धरतो. तोच गूळ गुऱ्हाळावर उभा राहून व्यापाऱ्याला दिला असता तर ६५ रुपये आले असते. म्हणजे शहरात नेण्यासाठी मी सोडून दिलेले पैसे ६५. पाकीट, लेबल ८ रुपये. गाडी आणि पॉइंटचा खर्च किलोमागं ७. झाले ८०. उरले ४० रुपये. रीलचा हिशेब या ४० वर करायचा, १२० वर नाही. "एवढ्या हजारांची विक्री झाली" हे वाक्य ऐकलं की समजायचं, कोणीतरी १२० ने गुणतंय.

रील ठरलं कसं

ताईंची फी ५,००० रुपये. वर चवीला ३ किलो गूळ, तो आम्हाला ८० नं पडतो, म्हणजे २४०. रील १ जानेवारीला टाकायचं, त्यात शनिवार पेठेचाच पॉइंट सांगायचा आणि एक कोड द्यायचा: `SHANI10`. कोड सांगेल त्याला किलोला १० रुपये कमी. रीलवर "जाहिरात" असं स्पष्ट लिहायचं, हेही ठरवून घेतलं. पैसे किंवा माल घेऊन केलेली शिफारस उघड सांगायची, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये कळवलेलं आहे. ताईंनी लगेच मान्य केलं.

फी देण्याआधी एक आकडा काढून भिंतीवर चिकटवला होता. ठरलेला खर्च ५,२४०. कोडवर आलेल्या नव्या गिऱ्हाइकाच्या किलोत ४० मधून १० सूट जाऊन उरतात ३०. ५,२४० भागिले ३० म्हणजे साधारण १७५ किलो. एकाही जुन्या गिऱ्हाइकानं कोड वापरला नाही असं धरलं, तरी १७५ किलो जादा खपल्याशिवाय फी वसूल नाही. शनिवार पेठेची तेव्हाची विक्री आठवड्याला ८० किलो होती. म्हणजे दोन आठवड्यांची सगळी विक्री दुप्पट व्हायला हवी, तीही फक्त रीलमुळे. हा आकडा आधी बघितला की हुरळून जायला होत नाही.

लिंक कशी केली

आमची वेबसाइट नाही, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते. त्यामुळं लिंकही व्हॉट्सॲपचीच केली. अशी:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=GUL%20SHANI10
```

X च्या जागी आपला दहा आकडी नंबर. या लिंकवर बोट ठेवलं की गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आपला चॅट उघडतो आणि त्यात `GUL SHANI10` हे शब्द आधीच लिहिलेले असतात. त्यानं फक्त पाठवायचं. मधला `%20` म्हणजे मोकळी जागा. दोन जणांकडून रील करून घेत असाल तर दोघांना वेगळे शब्द द्या, म्हणजे मेसेज आला की कोणाकडून आला ते दिसतं. ज्यांची वेबसाइट आहे त्यांनी पत्त्यापुढं अशी शेपटी लावायची:

```
https://example.com/gul?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=sankrant
```

कुठून आला, कशातून आला, कोणत्या मोहिमेतून आला, हे साइटच्या मोजणीत मग आपोआप वेगळं पडतं.

आम्ही व्हॉट्सॲपची लिंक एका लिंक छोटी करणाऱ्या सेवेतून फिरवली, म्हणजे किती वेळा दाबली ते कळावं. दाबली गेली ६४० वेळा. मेसेज आले ११८. त्यातून ऑर्डरी झाल्या ६१. शिवाय २४ जण मेसेज न करता थेट पॉइंटवर आले आणि तोंडी कोड सांगितला. एकूण कोडच्या ऑर्डरी ८५, सरासरी दोन किलो, म्हणजे १७० किलो.

६४० चे ११८ कसे झाले? एकच माणूस दोनदा दाबतो. कोणी लिंक ग्रुपवर टाकली की काही ॲप तिचं छोटं चित्र दाखवायला स्वतःच लिंक उघडतात, तेही मोजलं जातं. कोणी चुकून दाबतं. उलट बाजूही आहे. काही जण आधीच लिहिलेला मजकूर पुसून "दादा गूळ आहे का" असं स्वतः लिहितात, ते लिंकच्या खात्यात येतच नाहीत. म्हणून लिंकच्या आकड्यावरून मी एवढंच बघतो, की लोक नेमके कुठं गळतात. आमच्याकडे ११८ मेसेजांतले ५७ ऑर्डर न देता गेले. वहीत बघितलं तर त्यातल्या बऱ्याच जणांनी "घरपोच आहे का" एवढंच विचारलं होतं. रीलमध्ये "पॉइंटवर येऊन न्यायचं" हे ठळक सांगायला हवं होतं. ती चूक आमची.

आणि व्ह्यूजबद्दल. ताईंनी व्ह्यूजचा मोठा आकडा पाठवला, तो खोटा नव्हता. पण बघणारे नागपूरचे असले तर शनिवार पेठेत गूळ न्यायला कोण येणार? पाहणारे कोणत्या शहरातले, हे इन्स्टाग्राम त्या खातेदाराला दाखवतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट फी ठरवण्याआधी मागायचा. आम्ही नंतर मागितला.

एकाच रीलची तीन उत्तरं

आता मुद्द्याचं. शनिवार पेठेत रीलच्या आधीच्या दोन आठवड्यांत १६० किलो खपला. नंतरच्या दोन आठवड्यांत, म्हणजे १४ जानेवारीच्या संक्रांतीपर्यंत, ४०० किलो. एकूण खर्च धरला तर फी आणि चवीचा गूळ ५,२४०, अधिक १७० किलोवर दिलेली सूट १,७००. बेरीज ६,९४०.

मुलाचं उत्तर: आधी १६०, नंतर ४००, वाढ २४० किलो. गुणिले ४०, म्हणजे ९,६००. खर्च वजा केला की २,६६० रुपये नफा.

कोडचं उत्तर: कोडवर १७० किलो. गुणिले ४०, म्हणजे ६,८००. खर्च वजा केला की १४० रुपये तोटा. म्हणजे बरोबरीच.

एकच रील, एकच वही, आणि उत्तरं दोन. मग खरं कोणतं? माझं म्हणणं, दोन्ही चूक.

मुलाच्या उत्तरात चूक काय, हे या पानावरच्या वाचकांना मी काय सांगणार. सगळ्या रानात एक टॉनिक मारलं, आठ दिवसांनी पाऊस पडला, ऊस हिरवागार झाला, आणि दुकानदार म्हणाला "बघा आमचं औषध". आपण त्याला विचारतो, न मारलेली सरी कुठाय? इथं पाऊस म्हणजे संक्रांत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्यात गूळ खपतोच. त्यात पहिल्या आठवड्यात पगार झालेले असतात. आधी आणि नंतर यांची नुसती वजाबाकी केली की हे सगळं रीलच्या नावावर जमा होतं.

कोडच्या उत्तरातली चूक लवकर दिसत नाही. कोड वापरणारा प्रत्येक जण रीलमुळे आला, असं आपण धरतो. बायकोनं ८५ ऑर्डरींचे फोन नंबर जुन्या वहीशी ताडून बघितले. त्यातले ३२ आपलेच जुने लोक निघाले. दर महिन्याला गूळ नेणारे. रांगेत पुढच्यानं कोड सांगितला, यांनीही सांगितला, दहा रुपये वाचले. यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांचा ६४ किलो गूळ रीलशिवायही गेलाच असता, आणि वर आम्ही त्यांना ६४० रुपये सूट दिली. दुसऱ्या बाजूला, रील बघून आलेला पण कोड विसरलेला माणूसही असतोच. तो कोडच्या मोजणीत येत नाही. म्हणजे कोड एकीकडं जास्त मोजतो, दुसरीकडं कमी मोजतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना फेडतील याची काही हमी नाही.

हे आपल्यासारख्या लहान माणसांचंच होतं असं नाही. ईबे ही अमेरिकेतली मोठी ऑनलाइन विक्री कंपनी. लोक शोधताना तिचं नाव टाकत, वर तिची जाहिरात दिसे, ते त्यावर दाबून आत जात, आणि ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होई. २०१२ मध्ये त्यांच्या अभ्यासकांनी या जाहिराती बंद करून बघितल्या. लोक जाहिरातीखालच्या साध्या लिंकवरून आत आले, येणाऱ्यांची संख्या जवळपास तेवढीच राहिली. मग देशाच्या काही भागांत इतर शोध-जाहिरातीही बंद केल्या आणि चालू ठेवलेल्या भागांशी तुलना केली. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर परिणाम जवळपास शून्य. फायदा होता तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांपुरता. त्यांनी केलं काय, तर काही वाफे न फवारता सोडले.

न फवारलेला वाफा

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात फिशर साहेब १९१९ मध्ये रुजू झाले आणि प्रयोगात कंट्रोल कसा ठेवायचा, वाफे चिठ्ठी टाकून कसे निवडायचे, हे त्यांनी पक्कं बसवलं. आज कृषी विद्यापीठाच्या प्रत्येक प्लॉटवर तेच चालतं. विक्रीला तेच लावायचं. आमचा कंट्रोल म्हणजे निगडी. तिथं तोच गूळ, तोच भाव, तीच वेळ. फक्त रीलमध्ये निगडीचं नाव नाही.

निगडीला आधीच्या दोन आठवड्यांत १५० किलो गेला, नंतरच्या दोन आठवड्यांत २७०. म्हणजे रील नसताना १.८ पट. हा संक्रांतीचा पाऊस. आता शनिवार पेठेलाही तेवढाच पाऊस पडला असं धरा. १६० गुणिले १.८ म्हणजे २८८ किलो तर रीलशिवायही गेला असता. प्रत्यक्षात गेला ४००. रीलमुळे जादा, ११२ किलो.

११२ गुणिले ४० म्हणजे ४,४८०. खर्च ६,९४०. तोटा २,४६०.

हे तिसरं उत्तर. मला ते जास्त खरं वाटतं, कारण दुसऱ्या दोन वाटांनी गेलं तरी आपण तिथंच जवळ पोचतो. पहिली वाट फोन नंबरची. ८५ मधले ३२ जुने वजा केले तर नवे ५३, त्यांचा गूळ १०६ किलो. तुलनेतून आले ११२. दुसरी वाट गेल्याच्या गेल्या वर्षाची. तेव्हा रील नव्हतं, आणि शनिवार पेठेत याच दोन पंधरवड्यांत ११० आणि २०५ किलो गेला होता, म्हणजे साधारण १.८६ पट. त्या हिशेबानं गेल्या संक्रांतीला २९८ व्हायला हवा होता. जादा १०२. ज्यांचा एकच पॉइंट आहे त्यांनी ही वाट धरावी. फक्त दोन्ही वर्षी सण त्याच पंधरवड्यात यायला हवा. संक्रांतीचं बरं आहे, तारीख फारशी हलत नाही. गणपती, दिवाळी, पाडवा मागंपुढं होतात, तिथं तारखेऐवजी सणापासूनचे दिवस मोजावे लागतात.

आता कृषी पदवीधर मंडळी कमेंटमध्ये काय विचारणार ते मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहितो. रेप्लिकेशन कुठाय? नाही. एक वाफा फवारलेला, एक न फवारलेला, बस. कोणता फवारायचा तेही चिठ्ठीनं ठरलं नाही. आणि फवारणीचा वारा शेजारच्या वाफ्यात जातो तसं रीलही पेठेची हद्द बघत नाही. निगडीला ४ जणांनी कोड सांगितला. थोडा वारा गेला म्हणजे. त्यामुळं निगडीचा १.८ हा आकडा जरा फुगलेला असू शकतो. मग तो १.६ धरून बघू. तसं धरलं तर जादा १४४ किलो, तोटा १,१८०. २ धरला तर जादा ८० किलो, तोटा ३,७४०. म्हणजे नेमका तोटा किती, हे दोन पॉइंटांच्या जोरावर मी छातीठोक सांगू शकत नाही. पण संक्रांतीपुरतं बोलायचं तर तोटाच झाला, हे मात्र कसंही फिरवलं तरी बदलत नाही.

एक काळजी आम्ही घेतली होती म्हणून हे आकडे धरता आले. दोन्हीकडे माल संपू दिला नाही. एखाद्या ठिकाणी सहा वाजता माल संपला आणि लोक परत गेले, तर वहीत येते ती आपल्या गाडीत किती पोती मावली याची नोंद. मागणी किती होती ते कळत नाही. संपलाच तर परत गेलेल्यांची संख्या तरी लिहून ठेवा.

मग बायको जिंकली?

मीही तसंच म्हणालो होतो. पण मार्चअखेर बायकोनंच वही पुढं केली. त्या ५३ नव्या लोकांपैकी १९ जण परत आले होते. सूट नाही, कोड नाही, पूर्ण भावानं. त्यांनी मिळून ८४ किलो गूळ नेला. ८४ गुणिले ४० म्हणजे ३,३६०. संक्रांतीचा २,४६० तोटा भरून वर ९०० रुपये.

म्हणजे गुळाच्या रीलचा हिशेब संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बंद करायचा नसतो. लावणीच्या उसाचा खर्च खोडव्यात निघतो तसंच हे. पण हे कळलं ते फोन नंबर नाव-तारखेसह लिहिलेले होते म्हणून. नुसता कोड मोजला असता तर कोण परत आलं ते कधीच समजलं नसतं. कोड पहिल्या दिवशी माणसाला ओळखून देतो. पुढं त्याच्यावर लक्ष वहीनंच ठेवायचं.

यातून एक कामाचा आकडा निघतो. एक नवं गिऱ्हाईक आम्हाला मार्चपर्यंत किती देऊन गेलं? पहिल्या खरेदीचे दोन किलो, सूट जाऊन ३० नं, म्हणजे ६० रुपये. परत आलेल्यांचे ३,३६० सगळ्या ५३ जणांत वाटले तर माणशी ६३. एकूण १२३ रुपये. यापेक्षा जास्त पैसे मोजून नवं गिऱ्हाईक आणलं तर मार्चपर्यंत आपण घाट्यात.

ताईंची यंदाची मागणी १०,००० रुपये. गेल्या वेळेइतकेच ५३ नवे आले तर माणशी १८९ रुपये फक्त फीचेच पडतात. ते मला झेपणार नाही, आणि मुलाला मी हेच दाखवलं. त्यानं आधी व्ह्यूज दाखवले, मग वही बघितली, मग म्हणाला, "बाबा, मग त्यांना माणशी द्या ना." डोकं चाललं पोराचं.

तर ताईंना आम्ही असं सांगितलंय. २,००० रुपये ठरलेले, ते त्यांच्या मेहनतीचे. त्यावर, जुन्या वहीत नसलेला प्रत्येक नंबर कोडवर आला की ६० रुपये. ५३ आले तर त्यांना ५,१८० मिळतात, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा जास्तच. शंभर आणले तर ८,०००, आणि ते आम्ही आनंदानं देऊ, कारण प्रत्येकामागं आमचे ६३ उरतात. त्यांच्या २,००० चाही हिशेब तिथं बसतो. नंबर कोणाचे ते त्यांना दाखवायचे नाहीत, लोकांनी ते आपल्याला गुळासाठी दिलेत. फक्त संख्या सांगायची आणि वही माझ्यासमोर बसून मोजायची त्यांना मुभा.

ताईंचं म्हणणंही नोंदवतो, कारण ते रास्त आहे. त्या म्हणाल्या, "दादा, लोक माझं रील बघतात, कोड विसरतात, महिन्यानं येतात. ते तुम्ही माझ्या खात्यात धरत नाही." खरं आहे. निगडीशी केलेल्या तुलनेत कोड विसरून त्याच पंधरवड्यात आलेले लोक येतात. महिन्यानं आलेले येत नाहीत. म्हणून यंदा पॉइंटवर नव्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा ठरवलंय, "आमचं नाव कुठं कळलं?" रील म्हणाला तर कोड नसला तरी त्यांच्या खात्यात. उत्तर शंभर टक्के खरं नसतं, माणूस शेजारणीचं ऐकून येतो आणि मोबाइलचं नाव सांगतो. पण विचारलंच नाही तर तेवढंही हाती लागत नाही.

आणि एक बदल माझ्या हट्टानं केलाय. यंदा रील संक्रांतीला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकायचं, जेव्हा गूळ आपणहून खपत नाही. तेव्हा जुने लोक रांगेत कमी असतात, म्हणून सूट कमी वाया जाते. आणि पाऊसच नसेल तर टॉनिकचा परिणाम सरळ डोळ्यांना दिसतो. मुलाला हे पटलेलं नाही, तो म्हणतो लोक गूळ शोधतात तेव्हाच दिसायला हवं. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही, म्हणून निगडीचा पॉइंट याही वेळी रीलशिवाय ठेवतोय. मार्चअखेर दोन्ही वर्षांच्या वह्या शेजारी ठेवू आणि इथंच आकडे टाकू, तोटा आला तरी.

ताईंनी उद्यापर्यंत विचार करून सांगते म्हटलंय. तुमच्यापैकी कोणी आंबा, तांदूळ, बेदाणे, हळद असं काही रीलवरून विकलं असेल तर कोडवर आलेल्यांत जुने किती निघाले, एवढा एकच आकडा खाली लिहा. फीचा आकडा नाही लिहिलात तरी चालेल.

गुऱ्हाळ सोमवारपासून चालू होतंय. पहिल्या कढईची काकवी कशी उतरली ते पुढच्या नोंदीत.